बीआयएम एक्झिक्युशन प्लॅन लिहिताना: घटक कोणाचा, तपशील किती, क्लॅश मिटवायचा कोणी

बीआयएम एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला बीईपी, लिहायची वेळ पहिल्यांदा माझ्यावर आली तेव्हा मी एका जुन्या प्रकल्पाची फाइल उघडली आणि त्यातली नावं बदलली. जबाबदाऱ्यांचा तक्ता एका प्रकरणात होता, एलओडीचा, म्हणजे घटकाच्या तपशिलाच्या पातळीचा, दुसऱ्या आणि क्लॅशची, म्हणजे दोन घटक एकाच जागेत आले तर काय करायचं याची, प्रक्रिया तिसऱ्या प्रकरणात. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे ठीक होतं, पण तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. काही महिन्यांनी साइटवर डक्ट टांगताना त्याखालचा आधाराचा चॅनेल केबल ट्रेच्या जागेत उतरला. तो चॅनेल कोणी मॉडेल करायचा होता, कोणत्या टप्प्याला करायचा होता आणि तो कोणत्या क्लॅश चाचणीत यायला हवा होता, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर प्लॅनमध्ये नव्हतं.

तेव्हापासून मी ही तीन प्रकरणं वेगळी लिहीत नाही. एक घटक घ्यायचा आणि त्याच ओळीत तो कोणाचा, कधी किती तपशिलाचा आणि कोणत्या चाचणीत, हे लिहायचं. ते कसं करायचं हे एका कॉरिडॉरच्या उदाहरणावरून सांगतो. फॉल्स सीलिंगच्या वरची जागा घेतली आहे, कारण सगळ्या शाखा तिथेच एकमेकींच्या अंगावर येतात.

## बसण्याआधी हाताशी काय हवं

- मालकाने दिलेलं माहितीच्या गरजांचं पत्रक, म्हणजे ईआयआर
- प्रत्येक टीमच्या करारातली कामाची व्याप्ती
- डिझाइनच्या टप्प्यांचं वेळापत्रक
- कोणती टीम कोणतं सॉफ्टवेअर आणि त्याची कोणती आवृत्ती वापरते याची यादी
- ग्रिड, लेव्हल आणि मूळ बिंदू ठरवणारं कोऑर्डिनेट पत्रक
- सगळ्यात गर्दीच्या दोन-तीन जागांचे छेद, हाताने काढलेले असले तरी चालतील

यातली करारातली व्याप्ती लोक मागतच नाहीत. बीईपी करार बदलू शकत नाही. एचव्हीएसी सल्लागाराच्या करारात हँगर नसतील, तर तुम्ही तक्त्यात त्याचं नाव लिहून ते येणार नाहीत. अशी तफावत दिसली की ती प्लॅनवर सह्या होण्याआधी मिटवावी लागते.

## १. मॉडेल नाही, घटक वाटून द्या

‘स्ट्रक्चर मॉडेल: स्ट्रक्चरल सल्लागार’ एवढं लिहून नवखे लोक पुढे जातात. फाइल कोणाची हे त्यातून कळतं, पण वाद फाइलवरून होत नाहीत. ते होतात दोन फाइलींच्या मध्ये पडणाऱ्या वस्तूंवरून: भिंतीतलं ओपनिंग, पाइपची स्लीव्ह, यंत्राखालचा काँक्रीटचा चौथरा, डक्टचं इन्सुलेशन, सीलिंगचा सांगाडा, ॲक्सेस पॅनेल. तक्ता बनवताना आधी या वस्तूंची यादी करा. कॉलम, बीम, स्लॅब कोण काढणार हे सगळ्यांना माहीत असतंच.

आयएसओ १९६५०-२ या २०१८ च्या मानकात जबाबदाऱ्यांचा तक्ता दोन पायऱ्यांनी येतो. नेमणुकीपूर्वीच्या प्लॅनमध्ये ढोबळ आणि नेमणुकीच्या वेळी सविस्तर. ढोबळ तक्ता काम मिळवण्यासाठी पुरतो. सविस्तर तक्त्यात मात्र घटकाची पातळी गाठावीच लागते.

माझा एक नियम आहे: एका टप्प्यात एका घटकाला एकच मालक. ‘आर्किटेक्ट / एमईपी’ अशी तिरकी रेघ तक्त्यात दिसली की समजा, तो घटक कोणीच काढणार नाही किंवा दोघंही काढतील. दोघांनी काढला तर मोजमापात तो दोनदा मोजला जातो. वॉशबेसिनचं नेहमी असंच होतं. आर्किटेक्ट ते जागेसाठी ठेवतो आणि प्लंबिंगवाला जोडणीसाठी. तिथे लिहा: जागा आर्किटेक्टची, मोजायची वस्तू प्लंबिंग मॉडेलमधली, आर्किटेक्टच्या मॉडेलमधली फक्त संदर्भासाठी.

टप्पा बदलला की मालक बदलू शकतो. डिझाइनमध्ये डक्ट सल्लागाराचं असतं आणि प्रत्यक्ष बांधणीच्या टप्प्यात ते ठेकेदाराकडे जातं. हस्तांतराची तारीख लिहा आणि त्या दिवसापासून जुन्या मालकाची फाइल फक्त संदर्भ म्हणून राहील हेही लिहा. नाहीतर दोन डक्ट मॉडेलं समांतर चालू राहतात.

## २. एलओडी घटकाला द्या, तेही टप्प्यानुसार

‘एलओडी ३०० चं मॉडेल’ असं काही नसतं. एकाच फाइलमध्ये बीम ३०० वर असू शकतो आणि शेजारचा पंप २०० वर. बीमफोरमच्या स्पेसिफिकेशनमध्ये या पातळ्या घटकागणिक मांडल्या आहेत. कामापुरतं एवढं लक्षात ठेवा: २०० ला आकार आणि जागा अंदाजे असतात. ३०० ला माप, आकार आणि जागा निश्चित होतात. ३५० ला त्यात शेजारच्या घटकांशी येणारा संबंध, म्हणजे आधार आणि जोडण्या, येतात. ४०० ला कारखान्यात बनवण्याइतका तपशील असतो. ५०० ही याच शिडीची वरची पायरी नाही. तिचा अर्थ साइटवर जाऊन पडताळलेलं, एवढाच. त्यामुळे ‘सगळं ५०० वर द्या’ अशी मागणी आली तर कोणते घटक, कोण मोजणार आणि किती अचूकतेने, हे विचारून घ्या.

आकाराचा तपशील आणि माहितीचा तपशील यांना तक्त्यात वेगळे रकाने द्या. झडपेचं चाक हुबेहूब काढलेलं असतं आणि तिचा व्यास मात्र रिकामा, असं मी बऱ्याचदा पाहिलं आहे. युरोपातलं ईएन १७४१२-१ (२०२०) आणि त्यानंतरचं आयएसओ ७८१७-१ (२०२४) ही मानकं याच दिशेने जातात: माहिती कोणत्या कामासाठी, कधी आणि कोणाला हवी ते आधी ठरवा, मग भूमिती, गुणधर्म आणि दस्तऐवज वेगवेगळे मागा.

आमच्या कॉरिडॉरच्या नंतर सुधारलेल्या तक्त्यातल्या काही ओळी अशा होत्या. तपशीलवार डिझाइनचा टप्पा घेतला आहे:

| घटक | मालक | आकार | चाचणीत कधी |
|---|---|---|---|
| बीम | स्ट्रक्चर | ३०० | पहिल्या फेरीपासून |
| डक्ट, इन्सुलेशनसह | एचव्हीएसी | ३०० | पहिल्या फेरीपासून |
| डक्टचा आधार | एचव्हीएसी | ३५० | गर्दीच्या जागी, दुसऱ्या फेरीपासून |
| केबल ट्रे | इलेक्ट्रिकल | ३०० | दुसऱ्या फेरीपासून |
| ट्रेवरची हात घालायची जागा | इलेक्ट्रिकल | पारदर्शक ठोकळा | दुसऱ्या फेरीपासून |

शेवटच्या रकान्यामुळे तिन्ही प्रकरणं एकत्र येतात. २०० वरचा घटक क्लॅश चाचणीत घातला तर जे निकाल येतील ते अंदाजाने ठेवलेल्या वस्तूचे असतील. लोक ते सोडवत बसतात आणि पुढच्या आठवड्यात ती वस्तूच हलते. म्हणून ठरलेली पातळी गाठल्याचं मालकाने कळवल्याशिवाय घटक चाचणीत घेऊ नका.

## ३. तपशिलाचा फरक मिलिमीटरमध्ये मोजून बघा

आता तो चॅनेल. दोन मजल्यांच्या स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागांमधलं अंतर ४२०० मिमी, आणि फरशीचा थर ५० मिमी. म्हणजे तयार फरशीपासून वरच्या स्लॅबचा माथा ४१५० वर. स्लॅबसह बीमची खोली ६००, म्हणून बीमचा तळ ३५५० वर. सीलिंग २७०० वर आणि त्याच्या सांगाड्याला १०० राखून ठेवले, म्हणजे २८०० पर्यंत जागा गेली. बीमखाली सेवांसाठी उरले ७५० मिमी.

डक्ट ८०० रुंद आणि ४०० उंच, सगळीकडून ५० चं इन्सुलेशन. उंची झाली ५००. कॉरिडॉरच्या बाजूची पट्टी पाइपांनी भरलेली होती, म्हणून ट्रे डक्टच्या खाली घेतली होती. ट्रेची उंची १०० आणि केबल ओढायला तिच्यावर १५० मोकळे, एकूण २५०. पाचशे आणि अडीचशे मिळून ७५० भरले. एलओडी ३०० वर चाचणी चालवली तेव्हा एकही क्लॅश आला नाही, आणि आम्ही समाधानाने पुढे गेलो.

पण डक्ट हवेत राहत नाही. त्याच्याखाली ४१ मिमीचा चॅनेल आडवा जातो आणि दोन्ही बाजूंनी रॉड वर जातात. ५०० चे ५४१ झाले आणि ट्रेवरची मोकळी जागा ४१ ने कमी पडली. हे ३५० वर दिसलं असतं, ३०० वर दिसणं शक्यच नव्हतं. यावरून सगळे आधार सगळीकडे ३५० वर काढा असा निष्कर्ष मात्र काढू नका. त्यात महिने जातात, फाइल जड होते, आणि मोकळ्या जागी त्याचा काही उपयोग नसतो. मजल्याच्या नकाशावर गर्दीच्या पट्ट्या रंगवा आणि ३५० ची अट तेवढ्या पट्ट्यांपुरती ठेवा. पट्टी निवडायची कसोटी सोपी आहे: बीमखालच्या उंचीतून सेवांच्या उंचीची बेरीज वजा केल्यावर १०० मिमीपेक्षा कमी उरत असेल, तर ती पट्टी गर्दीची. हा १०० चा आकडा माझा आहे. तुमच्या आधारांच्या पद्धतीप्रमाणे तो बदला, पण काहीतरी आकडा लिहाच.

## ४. ओपनिंगचा प्रवास वेगळा लिहून काढा

भिंत किंवा बीम भेदून सेवा जाते तिथे एक मालक पुरत नाही, कारण दोन वेगळ्या वस्तू असतात: ओपनिंगची मागणी आणि प्रत्यक्ष भोक. मागणी एमईपीची. ते आपल्या मॉडेलमध्ये भोकाच्या मापाचा ठोकळा ठेवतात, त्यात इन्सुलेशन आणि भोवतालची मोकळीक धरलेली असते. भोक स्ट्रक्चरचं किंवा आर्किटेक्टचं. ते ठोकळा तपासतात आणि मान्य असेल तरच आपल्या मॉडेलमध्ये कापतात. एमईपीने दुसऱ्याच्या भिंतीला परस्पर भोक पाडायचं नाही, हे वाक्य प्लॅनमध्ये ठळक अक्षरात असू द्या.

याची चाचणीही वेगळी ठेवा. पाइप भिंतीला भेदतो पण मान्य ठोकळ्याच्या आत आहे, तर तो क्लॅश नाही. ठोकळ्याच्या बाहेर आला तर क्लॅश. पाइप हलला आणि ठोकळा जुन्या जागी राहिला, हा इथला नेहमीचा सापळा आहे. म्हणून प्रत्येक फेरीत रिकामे ठोकळे, म्हणजे ज्यांतून काहीच जात नाही असे, शोधणारी एक तपासणी ठेवा. काँक्रीट पडल्यानंतर रिकामं भोक सापडलं तर ते बुजवावं लागतं आणि नवं कोअर कटिंगने पाडावं लागतं. बीममध्ये तर तेही प्रत्येक ठिकाणी करता येत नाही.

## ५. चाचणीआधी मॉडेल दाराशीच तपासा

मॉडेल सामायिक फोल्डरमध्ये आलं की लगेच क्लॅश चाचणी चालवू नका. आधी तीन गोष्टी बघा: ग्रिड आणि लेव्हल जुळतात का, एककं बरोबर आहेत का, आणि मागच्या फेरीतली कोणती शाखा फाइल अपलोड करायला विसरली आहे का.

जागेची खात्री करायला मी प्रत्येक टीमला आपल्या मॉडेलमध्ये एक खुणेचा ठोकळा ठेवायला सांगतो, ठरलेल्या एकाच ग्रिडच्या छेदावर, ठरलेल्या लेव्हलला. सगळे ठोकळे एकमेकांत बसले तर कोऑर्डिनेट बरोबर. एक जरी बाजूला दिसला तर ती फाइल परत. ‘शून्य क्लॅश’ असा निकाल आला तर आनंदाआधी हा ठोकळा बघा. माझ्या अनुभवात मोठ्या मजल्यावर पहिल्याच फेरीत शून्य आलं म्हणजे दोन मॉडेलं बहुधा एकमेकांपासून दूर कुठेतरी पडलेली असतात.

शाखेच्या आतले क्लॅश, म्हणजे डक्टला डक्ट किंवा पाइपला पाइप, ज्याचे त्याने मॉडेल देण्याआधी मिटवायचे. समन्वय बैठकीत ते आणायचे नाहीत.

## ६. चाचण्यांना क्रम द्या

सगळं सगळ्याविरुद्ध चालवलं तर हजारोंचा आकडा येतो आणि तो वाचायला कोणाला धीर राहत नाही. आमच्या पहिल्या फेरीत फक्त दोन चाचण्या असतात: स्ट्रक्चरविरुद्ध मोठे डक्ट आणि स्ट्रक्चरविरुद्ध उताराचे ड्रेनेज पाइप. या दोघांना हलायला सगळ्यात कमी वाव असतो. ११० मिमीचा ड्रेनेज पाइप १:१०० उताराने १२ मीटर गेला तर १२० मिमी खाली येतो, म्हणजे त्याला २३० मिमी उंचीची पट्टी लागते, आणि मध्ये वर उचलून तो पुन्हा खाली आणता येत नाही. हे दोन बसले की दुसऱ्या फेरीत ट्रे आणि दाबाचे पाइप. सीलिंग आणि दिवे शेवटी.

प्रत्येक चाचणीसमोर टॉलरन्स लिहा. स्ट्रक्चर आणि डक्टसाठी आम्ही १० मिमी ठेवतो, म्हणजे त्याहून कमी शिरकाव निकालात येत नाही. ट्रेवरच्या मोकळ्या जागेसाठी मात्र ठोकळा वापरतो आणि टॉलरन्स शून्य. टॉलरन्स भरताना स्क्रीनवरचं एकक बघा. फाइल मीटरमध्ये असताना १० मिमीसाठी `0.010` टाकायचं असतं. तिथे `10` पडलं तर दहा मीटरच्या आतलं सगळं गिळलं जातं आणि निकाल पुन्हा शून्य.

## ७. क्लॅश मोजू नका, प्रश्न मोजा

एक डक्ट चार बीमखालून चुकीच्या उंचीवर गेलं तर सॉफ्टवेअर डक्टच्या तुकड्यांनुसार कितीतरी क्लॅश दाखवेल. प्रश्न एकच आहे: डक्टची लेव्हल. समन्वयकाने बैठकीआधी क्लॅशचे असे गट करून प्रत्येक गटाला एक नाव द्यायचं. आम्ही मजला, पट्टी, दोन शाखा आणि क्रमांक अशी रचना ठेवली:

```
L03-C2-STR-HVC-014
```

प्रत्येक प्रश्नाला एक माणूस आणि एक तारीख. टीमचं नाव पुरत नाही. प्रश्न बीसीएफ फाइलने पाठवा. तिच्यात कॅमेऱ्याची जागा, चित्र, टिप्पणी आणि घटकांचे ओळख क्रमांक एकत्र जातात, त्यामुळे समोरचा माणूस आपल्या सॉफ्टवेअरमध्ये थेट त्याच जागी पोचतो. पीडीएफमधलं चित्र पाठवलं तर त्याचा अर्धा वेळ जागा शोधण्यात जातो.

कोण हलणार याचा साधारण क्रम प्लॅनमध्ये लिहून ठेवा: सगळ्यात शेवटी स्ट्रक्चर, त्याआधी उताराचे पाइप, त्याआधी मोठे डक्ट, त्याआधी दाबाचे पाइप आणि ट्रे, आणि सगळ्यात आधी लवचीक जोडण्या. पण हा क्रम चर्चा सुरू करण्यापुरता. आमच्या कॉरिडॉरमध्ये क्रमाप्रमाणे ट्रे हलायला हवी होती आणि तिला जागाच नव्हती. शेवटी डक्ट १००० × ३२० केलं. क्षेत्रफळ तेच, ०.३२ चौरस मीटर. उंची ३२० अधिक इन्सुलेशनचे १०० अधिक चॅनेलचे ४१, म्हणजे ४६१. ७५० मधून उरले २८९, त्यात २५० बसून ३९ शिल्लक. पण रुंदी २०० ने वाढली, पत्रा १० टक्के जास्त लागला, आणि चपट्या डक्टमध्ये घर्षण वाढतं म्हणून एचव्हीएसी डिझायनरने पंख्याचा दाब पुन्हा तपासला. असा निर्णय समन्वयकाने एकट्याने घ्यायचा नसतो. ज्याचं डिझाइन बदलतं त्याची संमती प्रश्नाच्या नोंदीतच यायला हवी.

वेळेची साखळी आठवड्याची ठेवा. सोमवारी मॉडेल सामायिक, मंगळवारी तपासणी आणि चाचणी, बुधवारी गट करून वाटप, गुरुवारी बैठक. बैठकीत फक्त दोन शाखांचं एकमत न झालेले प्रश्न घ्या. दोन फेऱ्यांत न सुटलेला प्रश्न आपोआप डिझाइन प्रमुखाकडे जाईल, असं लिहा आणि त्याचं नाव लिहा. नाहीतर एकच प्रश्न आठ-आठ बैठका चालतो.

## ८. प्रश्न बंद झाला हे कोण ठरवणार

Navisworks च्या Clash Detective मध्ये New, Active, Reviewed, Approved आणि Resolved अशा पाच स्थिती असतात. पुढच्या फेरीत क्लॅश सापडला नाही तर तो आपोआप Resolved होतो. हाताने Resolved केलेला क्लॅश पुन्हा सापडला तर तो परत New होतो. म्हणून आमच्या प्लॅनमध्ये Resolved हाताने करायला बंदी आहे. ज्याने बदल केला तो ‘केलं’ असं लिहितो, आणि बंद होतं ते नव्या मॉडेलवर चाचणी चालवल्यावरच.

Approved म्हणजे ‘क्लॅश आहे, पण चालेल’. इथे सगळ्यात जास्त गैरवापर होतो. बैठक उशिरापर्यंत लांबली की उरलेले प्रश्न Approved करून टाकायचा मोह होतो. त्यासाठी कारण आणि मान्यता देणाऱ्याचं नाव सक्तीचं करा.

आणखी एक गोष्ट मॉडेल बनवणाऱ्यांना आधीच सांगा: घटक सरकवा, पुसून नवा काढू नका. नवा काढला की ओळख क्रमांक बदलतो. जुना क्लॅश सुटलेला दिसतो, तोच नव्या नावाने उगवतो, आणि त्यावरची सगळी चर्चा जुन्या नोंदीत राहते. सुटलेल्यांचा आकडा आणि नव्यांचा आकडा एकाच आठवड्यात सारखाच वाढला तर हेच झालं असण्याची शक्यता जास्त.

## ९. प्लॅन कधी बदलायचा

प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला, आणि नवी टीम आली की. तेव्हा मागच्या टप्प्यातले Approved केलेले आणि दोन फेऱ्यांहून जास्त रेंगाळलेले प्रश्न काढून बसा. प्रत्येकासमोर विचारा की तक्त्यातली कोणती ओळ असती तर हा प्रश्न आलाच नसता. आमच्या तक्त्यात ‘डक्टचा आधार’ ही ओळ अशीच आली. तिच्या पाठोपाठ ‘इन्सुलेशनवरचं पत्र्याचं आवरण’ आणि ‘ट्रेच्या वळणाची त्रिज्या’ याही आल्या. नवी आवृत्ती सामायिक करताना बदललेल्या ओळी रंगवून द्या आणि त्या ओळींच्या मालकांकडून लेखी होकार घ्या.